‘भ’चा ‘म’ होऊ नये म्हणून: पडद्यावरचं देवनागरी शीर्षक

सांगलीच्या एका सभागृहात आमची छोटी फिल्म लागली होती. शीर्षकात ‘धनगर’ हा शब्द होता. अक्षरं एकेक करून वर आली, मग डावीकडून उजवीकडे एक जाड पांढरी रेघ धावत गेली आणि अक्षरांच्या डोक्यावर बसली. मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी ते मोठ्यानं वाचलं, “घनगर?” आणि शेजारच्याकडे बघितलं. त्यांची काहीच चूक नव्हती. शिरोरेघेसाठी मी सरळ एक लांब आयत काढला होता. ‘ध’च्या डोक्यावर डावीकडे जी मोकळी जागा असते ती त्या आयतानं बुजवली आणि ‘ध’चा ‘घ’ झाला.

देवनागरी शीर्षकात शिरोरेघ सगळ्यात जास्त दिसते आणि सगळ्यात जास्त फसवते. व्हिडिओ एडिटिंग शिकताना जे धडे बघायला मिळतात ते बहुतेक रोमन अक्षरांवरचे असतात आणि रोमनला शिरोरेघ नाही. त्यामुळे अक्षरांमधलं अंतर, ओळींमधलं अंतर, अक्षर-अक्षर ॲनिमेशन, या सगळ्या सवयी आपल्या लिपीवर तशाच लावल्या की शीर्षक मोडतं. खाली एकच शीर्षक घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत करून दाखवतो.

शीर्षक आहे ‘भोपळ्यापासून तंबोऱ्यापर्यंत’, आणि त्याखाली बारीक ओळ, ‘मिरजेच्या सतारमेकर गल्लीची गोष्ट’. मिरजेत वाद्यं कशी घडतात यावरच्या लघुपटासाठी ते केलं. चौकट १९२० × १०८०, सेकंदाला २५ फ्रेम. हेच शीर्षक निवडायचं कारण असं की देवनागरीतल्या बहुतेक अडचणी त्यात एकत्र आल्या आहेत. सुरुवातीला ‘भ’, मध्ये ‘ळ्या’, खाली लोंबणारा ‘सू’चा उकार, ‘तं’वर अनुस्वार, ‘ऱ्या’, आणि शेवटी ‘र्यं’, ज्याच्या डोक्यावर रफार आणि अनुस्वार दोन्ही.

आधी मजकूर नीट उमटतोय का ते बघा

डिझाइन सुरू करण्याआधी शीर्षक युनिकोडमध्ये टाइप करा आणि एडिटिंगच्या प्रोग्रॅममध्ये पेस्ट करा. डीटीपीवाल्याकडून पत्रिकेची किंवा फ्लेक्सची फाइल आली असेल तर त्यातला मजकूर बहुधा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला असतो. फॉन्ट बदलला की त्याची रोमन अक्षरांची खिचडी होते. तो दुरुस्त करत बसू नका, दोनच ओळी आहेत, नव्यानं टाइप करा.

मजकूर युनिकोड असूनही कधी कधी पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर येते, जोडाक्षर सुटून हलन्त दिसतो किंवा ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं. यात दोष बहुधा फॉन्टचा नसतो, प्रोग्रॅमच्या मजकूर-इंजिनचा असतो. वेलांटी आपण अक्षरानंतर टाइप करतो पण ती दिसायला अक्षराआधी हवी, आणि ही अदलाबदल इंजिन करतं. ॲडोबीच्या प्रोग्रॅममध्ये `Preferences` उघडून `Type` किंवा `Graphics` या भागात `Text Engine` शोधा. आवृत्तीप्रमाणे तिथे `South Asian and Middle Eastern`, `World-Ready` किंवा `Universal` असा पर्याय असतो, तो निवडा. नंतर जुना मजकूर पुसून नव्यानं टाइप करा, कारण आधी केलेल्या लेअरवर जुनंच इंजिन राहू शकतं. तुमच्या प्रोग्रॅममध्ये असा पर्यायच नसेल तर शीर्षक इंकस्केपमध्ये करा. ते मोफत आहे आणि देवनागरी बरोबर जुळवतं.

आता आपल्या शीर्षकातला एक बारकावा. ‘तंबोऱ्या’मध्ये चंद्रकोरीसारखा आडवा ‘र’ हवा आणि ‘पर्यंत’मध्ये डोक्यावरचा रफार. दोन्हीकडे र आणि य यांचीच जोडी आहे, पण टाइप वेगळं करावं लागतं:

```
ऱ्या   U+0931 U+094D U+092F U+093E
र्या   U+0930 U+094D U+092F U+093E
```

पहिल्यात खाली टिंब असलेला ऱ आहे, दुसऱ्यात साधा र. घाईत ‘तंबोर्या’ टाइप झालं तर स्पेलचेक काही बोलणार नाही, पण मराठी माणसाची नजर तिथेच अडखळते. स्क्रीनवर मोठं करून एकदा बघाच.

फॉन्ट

मी या कामासाठी मुक्ता घेतला. तो मोफत आहे, सात वजनांत मिळतो, अक्षरांची पोटं मोकळी आहेत आणि लांबून नीट वाचता येतो. मुख्य शीर्षकासाठी SemiBold आणि खालच्या ओळीसाठी Medium घेतलं. नव्या मुलांचा हात लगेच ExtraBold कडे जातो. रोमनमध्ये ते खपून जातं. देवनागरीत ‘ळ्या’सारखं जोडाक्षर आधीच दाटीचं असतं, त्यात रेघ जाड झाली की आतल्या फटी बुजतात आणि मोबाइलवर नुसता डाग दिसतो. सगळ्यात दाट अक्षर कुठलं ते शोधा आणि त्या अक्षरावरून वजन ठरवा. आमच्याकडे ते ‘ळ्या’ होतं.

दुसरी गोष्ट ‘ल’ आणि ‘श’ची. मराठीचा ल दोन पाकळ्यांचा आणि श देठाचा. राज्य शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही हीच वळणं आहेत. पुष्कळ फॉन्टमध्ये समोर हिंदी वळण असतं आणि मराठी वळण आत दडलेलं असतं, भाषा मराठी आहे असं प्रोग्रॅमनं सांगितलं तरच ते बाहेर येतं. व्हिडिओच्या प्रोग्रॅममध्ये भाषा सांगायची सोय बहुधा नसते. आपल्या खालच्या ओळीत ‘गल्ली’ आहे, म्हणजे हा प्रश्न येणारच. ‘गल्ली’ आणि ‘शाळा’ असे दोन शब्द टाइप करून बघा. हिंदी वळण आलं आणि ते तुम्हाला खटकत असेल तर ज्याचं मूळ वळणच मराठी आहे असा फॉन्ट घ्या. उदाहरणार्थ ‘टिरो देवनागरी मराठी’. तो एकाच वजनाचा आणि बारीक रेघेचा आहे, म्हणून मोठ्या आकारातच वापरावा. कीर्तन, इतिहास अशा विषयांना तो फार शोभतो.

दोन ओळी एकमेकींना धडकतात तेव्हा

शीर्षक एका ओळीत लांबट होत होतं म्हणून दोन ओळी केल्या:

भोपळ्यापासून
तंबोऱ्यापर्यंत

दोन्ही ओळींत सहा-सहा अक्षरं. वरच्या ओळीत पाचवं अक्षर ‘सू’, त्याचा उकार खाली लोंबतो. खालच्या ओळीत पाचवं ‘र्यं’, त्याचा रफार आणि अनुस्वार वर येतो. बरोबर एकाखाली एक. अक्षराचा आकार १५० ठेवला होता आणि ओळींतलं अंतर प्रोग्रॅमनं स्वतःहून १२० टक्के, म्हणजे १८० धरलं होतं. त्यात उकाराचं शेपूट रफाराला जवळजवळ चिकटलं आणि अनुस्वार उकाराचाच ठिपका वाटू लागला. हे मागे बसून बघितलं तरच कळतं, टाइप करताना डोळा शब्द वाचत असतो, आकार बघत नसतो.

उपाय दोन. एक, अंतर वाढवायचं. १४० टक्के, म्हणजे २१०, केल्यावर श्वास घ्यायला जागा झाली. देवनागरीला १३० ते १५० टक्के सहसा लागतं, आणि शीर्षकात नक्की किती ते वरच्या ओळीतले उकार आणि खालच्या ओळीतले रफार-वेलांट्या ठरवतात. वरच्या ओळीत उकारच नसेल तर कमीतही भागतं. दुसरा उपाय म्हणजे खालची ओळ अर्ध्या-पाऊण अक्षरानं उजवीकडे सरकवायची, म्हणजे रफार उकाराच्या शेजारच्या मोकळ्या जागेत येतो. मला हा उपाय जास्त आवडतो, कारण त्यानं दोन ओळी एकसंध राहतात. अंतर फार वाढवलं की दोन वेगळी शीर्षकं वाटतात. या कामात मी २०० अंतर ठेवलं आणि खालची ओळ ७० पिक्सेल आत घेतली.

अक्षरांमधलं अंतर, म्हणजे ट्रॅकिंग, मात्र शून्यच ठेवायचं. रोमन शीर्षकं ऐसपैस पसरून भारदस्त करतात, ते बघून आपणही तो आकडा वाढवतो आणि शिरोरेघेला भेगा पडतात. शब्द फुटून अक्षरं सुटी होतात. उणे केलं तर रेघांची टोकं एकमेकांवर चढतात आणि अक्षर जरा पारदर्शक केलं की तिथे ठिगळ दिसतं. शीर्षक रुंद हवं असेल तर मुळातच रुंद घडवलेला फॉन्ट घ्या, ‘अनेक देवनागरी’ नावाच्या फॉन्टमध्ये रुंदी बदलता येते. साधा मुक्ता आडवा ताणू नका, उभ्या रेघा जाड होतात आणि शिरोरेघ तेवढीच राहते.

मध्य कुठे आहे?

पट्टीवर किंवा चौकटीत मजकूर मध्यभागी ठेवायचा असतो तेव्हा प्रोग्रॅम वरच्या रफारापासून खालच्या उकारापर्यंत सगळा चौकोन मोजतो. आपला डोळा तसं मोजत नाही. डोळ्याला दिसतो तो शिरोरेघ आणि अक्षराचा पाया यांच्यातला पट्टा, मात्रा आणि उकार ही त्याला फुटलेली पालवी. म्हणून `Align` चं बटण दाबून सोडून देऊ नका. दोन गाइड ओढा, एक पहिल्या ओळीच्या शिरोरेघेवर, एक दुसऱ्या ओळीच्या पायाशी, आणि त्यांच्या मधोमध चौकटीचा मध्य आणा. डावीकडची कडही अशीच डोळ्यानं लावायची. ‘भ’ डावीकडे गाठीनं सुरू होतो आणि ‘मि’ वेलांटीच्या दांडीनं. आकड्यांनी दोन्ही एका रेषेत असले तरी दिसताना पुढेमागे दिसतात.

कडेपासून किती आत? १९२० × १०८० मध्ये डावीउजवीकडे ९६ पिक्सेल आणि वरखाली ५४ पिक्सेल मोकळे सोडा. टीव्ही कडा कापतो तिथे सगळ्यात आधी रफार आणि वेलांट्या जातात, त्यामुळे हे माप मात्र मात्रांसकट मोजायचं.

मागे चित्र हलतं असेल तर अक्षराला जाड काळी कड देऊ नका. कड मात्रांच्या फटीत शिरते. त्याऐवजी शीर्षकाच्या मागे चित्रच थोडं गडद करा, मऊ कडेचा काळपट थर पुरतो. कड द्यायचीच असेल तर आफ्टर इफेक्ट्समध्ये `All Fills Over All Strokes` हा पर्याय लावा, नाहीतर प्रत्येक अक्षराच्या जोडावर शिरोरेघेत उभी काळी चीर दिसेल.

आता ॲनिमेशन

टाइपरायटरसारखं अक्षर-अक्षर उमटवणारे तयार प्रीसेट देवनागरीवर लावू नका. कित्येक प्रोग्रॅमच्या लेखी ‘ळ्या’ म्हणजे ळ, हलन्त, य आणि काना असे चार तुकडे. ते एकेक आणायला गेलं की आधी ‘ळ’ दिसतो, मग ‘ळ्’, मग एकदम आकार बदलून ‘ळ्य’. वाचणाऱ्याला शब्द लटपटल्यासारखा वाटतो. प्रीसेट वापरायचाच तर `Based On` मध्ये `Words` निवडा, शब्द अख्खा येऊ द्या. अक्षरागणिक हवं असेल तर हातानं तुकडे पाडायला लागतात. त्याला तासभर जातो, पण शीर्षक एकदाच करायचं असतं.

मी क्रम ठेवला तो शाळेतल्या पाटीचा. आधी अक्षरं लिहायची, शब्द पुरा झाला की डोक्यावर रेघ ओढायची. आपल्या सगळ्यांच्या हाताला तो क्रम माहीत आहे, म्हणून बघायला ओळखीचा वाटतो. फक्त सांगलीच्या सभागृहातली चूक परत करायची नव्हती. भ, ध आणि थ यांच्या डोक्यावर डावीकडची रेघ मोडलेली असते. ती जोडली की भ चा म, ध चा घ आणि थ चा य. म्हणून रेघ नव्यानं काढायची नाही, शब्दातूनच कापून घ्यायची.

ते असं. शीर्षकाच्या आउटलाइन करून सगळे आकार एकत्र जोडून घ्या. इंकस्केपमध्ये `Object to Path`, `Ungroup` आणि मग `Union`. हे जोडणं टाळलं तर जिथे दोन अक्षरांच्या रेघा एकमेकांवर येतात तिथे बारीक भोकं पडू शकतात. हा अख्खा आकार झाला मूळ लेअर. त्याच्या दोन प्रती करा. पहिल्या प्रतीवर शिरोरेघेच्या जाडीएवढा आडवा मास्क लावा, फक्त रेघेची पट्टी उरेल. दुसऱ्या प्रतीवर तोच मास्क उलटा करा, पट्टी जाईल आणि अक्षरांची अंगं, वरच्या मात्रा, खालचे उकार राहतील. पट्टी शब्दातूनच आल्यामुळे ‘भ’वरची मोकळी जागा जशीच्या तशी राहते. मास्कची कड मऊ ठेवू नका आणि दोन्ही मास्क एका पिक्सेलनं एकमेकांवर येऊ द्या, नाहीतर रेघेखाली केसासारखी फट चमकते.

रेघ गेली की अक्षरं आपोआप सुटी दिसतात, तुकडे पाडणं सोपं होतं. ‘भो’ची मात्रा आणि काना ‘भो’बरोबर, ‘र्यं’चा रफार आणि अनुस्वार ‘र्यं’बरोबर, दोन्ही ओळी मिळून बारा तुकडे. प्रत्येक तुकडा ६ फ्रेममध्ये उजळतो आणि पुढचा त्याच्यानंतर २ फ्रेमनं सुरू होतो. म्हणजे बारावा तुकडा २८ व्या फ्रेमला पुरा होतो. वरची रेघ २६ ते ३६ आणि खालची ३० ते ४० या फ्रेममध्ये डावीकडून उजवीकडे उघडते. ४१ व्या फ्रेमला सगळे तुकडे बंद करून त्यांच्या जागी मूळ अखंड लेअर सुरू करायचा. हा बदल दिसत नाही, पण पुढे फार उपयोगी पडतो. शेवटी शीर्षक विरताना अखंड आकार विरतो. तुकडे विरवले असते तर एका पिक्सेलच्या जोडावर उजळ रेघ दिसली असती. ‘मिरजेच्या सतारमेकर गल्लीची गोष्ट’ ही ओळ ४४ ते ५४ मध्ये एकदम येते, तिच्यावर काही कारागिरी नाही. मग ९० फ्रेम सगळं स्थिर, शेवटच्या १० फ्रेममध्ये बाहेर. एकूण १५४ फ्रेम, सहा सेकंदांहून थोडं जास्त.

९० फ्रेम कुठून आल्या? शीर्षक आधी न पाहिलेल्या माणसाला ते मोठ्यानं सावकाश वाचायला सांगितलं आणि दोनदा वाचून होईल एवढा वेळ धरला. मराठी शब्द लांब असतात, ‘तंबोऱ्यापर्यंत’ नजरेच्या एका घासात जात नाही.

हालचालीबद्दल एवढंच लक्षात ठेवा की शिरोरेघ ही गवंड्याच्या लेव्हलसारखी असते. शीर्षक अर्धा अंश जरी कललं तरी रेघेला पायऱ्या पडतात आणि लगेच दिसतात. सावकाश मोठं होत जाणारं शीर्षक रोमनमध्ये छान वाटतं, देवनागरीत ती लांब आडवी कड पिक्सेलवरून सरकताना थरथरते. मला ते नको होतं म्हणून अक्षर स्थिर ठेवून मागचं चित्रच हळूहळू पुढे आणलं. लेअरची उभी जागा पूर्णांकात ठेवा, ५४०.३७ नव्हे, ५४०. शेवटची श्रेयनामावली खालून वर न्यायची असेल तर तोच नियम, प्रत्येक फ्रेमला पूर्ण पिक्सेल. ४ पिक्सेलनं १०८० चा पडदा ओलांडायला २७० फ्रेम, म्हणजे जवळजवळ ११ सेकंद लागतात, आणि तो वेग आरामात वाचता येतो.

फिल्म गावच्या केबल चॅनेलवर जाणार असेल तर अजून एक. तिथे चित्र बहुधा एकाआड एक ओळींनी, म्हणजे इंटरलेस्ड, जातं. एक-दोन पिक्सेलची आडवी रेघ त्यात लुकलुकते, आणि आपल्या प्रत्येक शब्दावर ती रेघ आहेच. खालच्या बारीक ओळीची शिरोरेघ स्क्रीनवर मोजा आणि ती ४ पिक्सेलच्या खाली जाऊ देऊ नका.

देण्याआधी

तयार फाइल एडिटिंगच्या खिडकीत न बघता मोबाइलवर बघा, हात पूर्ण लांब करून. ‘भ’वरची फट दिसते का, ‘र्यं’वरचा अनुस्वार रफारापासून वेगळा आहे का, ‘ळ्या’चं पोट उघडं आहे का, एवढंच तपासा. आमचं पहिलं शीर्षक इथेच अडलं. मोबाइलवर रफार आणि अनुस्वार मिळून एकच जाड ठिपका दिसत होता. फॉन्ट बदलण्याऐवजी आउटलाइनमध्ये तेवढा एक अनुस्वार उचलून ५ पिक्सेल उजवीकडे आणि ३ वर सरकवला. शीर्षकाचा रंगही तेव्हाच बदलला. आधी सतारीच्या पॉलिशसारखा तांबडा होता. व्हिडिओ दाबून लहान होतो तेव्हा रंगाचे तपशील बहुधा आडवे आणि उभे दोन्हीकडे निम्म्यावर येतात, त्यामुळे गडद चित्रावर तांबड्या अक्षरांच्या कडा पसरत होत्या. हस्तिदंती पांढरा घेतला आणि तांबडा फक्त दोन ओळींच्या डावीकडच्या एका जाड उभ्या पट्टीला ठेवला.

मग ते गल्लीतल्या एका कारागिरांना दाखवलं. त्यांच्या मांडीवर अर्धा कोरलेला भोपळा होता. हात पुसून त्यांनी मोबाइल घेतला, चष्मा न लावता लांब धरला आणि अडखळता दोन्ही ओळी वाचल्या.